पगार मागायचा की तारीख? ऑफर लेटरला उत्तर देण्याआधी हा हिशोब करा



मागच्या व्हिडिओनंतर एका दर्शकाने विचारलं, "सर, तुम्ही धंदा शिकवता, मग नोकरीच्या ऑफरबद्दल का बोलता?" प्रश्न रास्त आहे. पण आपल्या पेण-रोह्याकडे बघा. इथे धंदा आणि नोकरी अशा दोन वेगळ्या जाती नाहीत. घरात गणपतीचा कारखाना, आणि पोरगा धाटाव एमआयडीसीत शिफ्टला. घरचा धंदा हंगामी, नोकरीचा पैसा महिन्याच्या महिन्याला. पुढे स्वतःचं काही उभं करायचं तर भांडवल बऱ्याचदा याच पगारातून साठतं. म्हणून नोकरीत शिरताना तुम्ही काय मागता आणि कसं मागता, हा तुमच्या धंद्याचाच प्रश्न आहे.

माझं मत सुरुवातीलाच सांगतो. ऑफर आल्यावर एका ईमेलमध्ये एकच गोष्ट मागा. पगार तरी मागा, नाहीतर तारीख तरी. आणि कुठली मागायची ते मनाने ठरवू नका, कागदावर हिशोब करून ठरवा. पेणच्या एका मुलाचं उदाहरण घेऊन सांगतो. त्याचं आणि कंपनीचं नाव देत नाही, त्याची गरजही नाही.

प्रकरण काय होतं

मुलगा बी.एस्सी. केमिस्ट्री. एका कंपनीच्या लॅबमध्ये वर्षभर अप्रेंटिसशिप केलेली. घरी हमरापूर बाजूला वडिलांचा गणपतीचा कारखाना. हा लहानपणापासून रंगकाम करतो आणि डोळ्यांच्या आखणीत त्याचा हात चांगला आहे. आखणी म्हणजे काय ते पेणकरांना सांगायला नको. बाकी मूर्ती कितीही चांगली झाली तरी डोळा बिघडला की गिऱ्हाईक हात लावत नाही.

26 जून 2025, गुरुवारी त्याला धाटावच्या एका केमिकल कंपनीकडून ईमेल आला. क्यूसी केमिस्ट, वार्षिक सीटीसी 3,00,000. जॉइनिंग 14 जुलै. उत्तर 2 जुलैपर्यंत द्या.

आता ते साल आठवा. पीओपीच्या मूर्तींवरच्या बंदीमुळे अनेक कारखान्यांचं काम अडकलं होतं. 9 जूनला मुंबई उच्च न्यायालयाने पीओपीच्या मूर्ती बनवायला आणि विकायला मोकळीक दिली, नैसर्गिक पाण्यात विसर्जनाला नाही. चतुर्थी होती 27 ऑगस्टला. म्हणजे एरवी महिनोन्‌महिने चालणारं काम जून, जुलै आणि ऑगस्टमध्ये कोंबायचं होतं. नेमकं त्याच वेळी घरातला आखणीचा हात धाटावला जाणार!

शुक्रवारी संध्याकाळी तो माझ्याकडे ईमेलचा मसुदा घेऊन आला. त्यात थोडक्यात असं लिहिलं होतं: ऑफर मला मान्य आहे, सही करून पाठवत आहे. पण घरची परिस्थिती बेताची असून प्रवासाचा खर्च जास्त आहे, तरी पगार 30,000 करावा, आणि घरी गणपतीचं काम असल्याने गणपतीनंतर जॉइन करण्याची परवानगी मिळावी.

मुलगा सज्जन, भाषा नम्र. पण या दोन ओळींत चार चुका आहेत. एकेक बघू.

पहिली चूक: आधी सही, मग मागणी

"मान्य आहे" लिहून सही केलीत की मग मागायला हातात काही उरत नाही. बरोबर उलटी चूकही होते. काही जण लिहितात, "30,000 दिलेत तरच मान्य." आपल्याकडचा 1872 चा भारतीय करार कायदा सांगतो की स्वीकृती बिनशर्त असली पाहिजे. अट घातलीत की ती स्वीकृती राहत नाही, तुमचा उलट प्रस्ताव होतो. मग कंपनी म्हणू शकते, "आमची ऑफर तुम्ही स्वीकारलीच नाही, आम्ही दुसरा उमेदवार घेतला."

या दोन्हीच्या मधली वाट आहे. कामात रस आहे हे स्पष्ट लिहायचं, पण स्वीकारही करायचा नाही आणि अटही घालायची नाही, विनंती करायची. "हे शक्य आहे का, कृपया कळवा. आपलं उत्तर आल्यावर लगेच सही केलेली प्रत पाठवतो." एवढ्याने दार उघडं राहतं. आणि हे ऑफरची मुदत संपायच्या आत व्हायला हवं. मुदतीच्या शेवटच्या संध्याकाळी नाही, समोरच्याला वरच्या साहेबांना विचारायला दोन दिवस मिळतील अशा बेताने.

दुसरी चूक: 25,000 म्हणजे 25,000 नाही

त्याने 30,000 हा आकडा आणला कुठून? तर 3,00,000 भागिले 12 म्हणजे 25,000, त्यात पाच वाढवले. मी त्याला म्हटलं, "आधी ऑफरच्या मागचं पान उघड."

तिथे महिन्याचा तपशील होता. बेसिक 15,000. कंपनीच्या वाट्याचा पीएफ, बेसिकच्या 12 टक्के, म्हणजे 1,800. ग्रॅच्युइटीची तरतूद 722, जी हातात पडायला साधारण पाच वर्षं नोकरी व्हावी लागते. मेडिक्लेमचा हप्ता 478. हे तिन्ही मिळून 3,000 सीटीसीत मोजलेले, पण पगारात येत नाहीत. उरले 22,000. त्यातून त्याच्या स्वतःच्या वाट्याचा पीएफ 1,800 आणि व्यवसाय कर 200 कापला जाणार. खात्यात जमा 20,000.

पीएफ वाया जात नाही, तो तुमचाच आहे. पण घर चालवायला महिन्याला किती, हा प्रश्न असेल तर आकडा 25 नाही, 20 आहे. हा हिशोब न करता जो मागतो तो अंदाजाने मागतो. समोर एचआरच्या टेबलावर हाच तक्ता उघडा असतो, आणि तुमचा आकडा अंदाजाचा आहे हे त्यांना एका नजरेत कळतं. ऑफरसोबत असा तक्ता नसेल तर पहिला ईमेल फक्त तेवढ्यासाठी करा: "मासिक वेतनाचा तपशील आणि अंदाजे हातात येणारी रक्कम कळवाल का?" हे विचारण्यात काहीच गैर नाही.

तिसरी चूक: आपला खर्च हे दरवाढीचं कारण नाही

समजा पगारच मागायचा आहे. मग "घरची परिस्थिती बेताची" आणि "प्रवास लांबचा" ही कारणं काढून टाका. पेणहून रोह्याला जायला गाड्या मोजक्या, शिफ्टशी त्यांचा मेळ बसेलच असं नाही, हे खरं आहे. पण तुमच्या खर्चाने कंपनीचं काही वाढत नाही.

धंद्यातलं उदाहरण देतो. तुमच्या दुकानाचं भाडं वाढलं म्हणून गिऱ्हाईक मूर्तीचे 200 रुपये जास्त देतो का? नाही. आखणी सुबक आहे, मूर्ती वेळेवर मिळते, म्हणून देतो. पगाराचंही तेच. तुमच्या कामातलं असं काय आहे ज्यामुळे कंपनीचा वेळ किंवा पैसा वाचेल, ते लिहा.

या मुलाकडे तसं एक कारण होतं. अप्रेंटिसशिपच्या वर्षात त्याने गॅस क्रोमॅटोग्राफवर रोजचे नमुने स्वतः चालवले होते. नवख्याला मशीनवर बसवायला जो वेळ जातो, तो याच्या बाबतीत वाचणार होता. मग पगाराचा ईमेल असा झाला असता:

> विषय: वेतनाबाबत विनंती – क्यूसी केमिस्ट
>
> आदरणीय मॅडम,
> आपल्या 26 जूनच्या ऑफरबद्दल आभार. या कामात मला मनापासून रस आहे.
> अप्रेंटिसशिपमध्ये मी वर्षभर गॅस क्रोमॅटोग्राफवर रोजचे नमुने स्वतंत्रपणे तपासत होतो, त्यामुळे मशीनवरच्या प्रशिक्षणाला मला कमी वेळ लागेल. हे लक्षात घेऊन वार्षिक सीटीसी 3,00,000 ऐवजी 3,24,000 करणं शक्य आहे का, ही विनंती.
> आपलं उत्तर आल्यावर सही केलेली प्रत लगेच पाठवतो.
> आपला नम्र,

बघा, एक आकडा, एक कारण, एक प्रश्न. आकडाही 30,000 नाही, महिन्याला 27,000. अप्रेंटिसशिप संपवून आलेल्या मुलाला थेट 20 टक्के वाढ द्यायची तर एचआरला वरून मंजुरी काढावी लागते. आठ टक्क्यांवर निदान चर्चा होऊ शकते. आणि लक्षात ठेवा, वाढलेले 2,000 पूर्ण हातात येतीलच असं नाही. त्यातला काही भाग बेसिकमध्ये टाकला तर पीएफ-ग्रॅच्युइटीतही जातो.

चौथी चूक: "गणपतीनंतर" ही तारीख नाही

2025 मध्ये चतुर्थी 27 ऑगस्टला, 2026 मध्ये अधिक महिन्यामुळे थेट 14 सप्टेंबरला. "गणपतीनंतर" म्हणजे नक्की कधी? दीड दिवसाचे गेल्यावर, गौरीसोबत, की अनंत चतुर्दशीनंतर? एचआरला शिफ्टचं वेळापत्रक, प्रशिक्षणाची बॅच, पीएफ नोंदणी हे सगळं तारखेवर लावायचं असतं. तारीख नसेल तर त्यांना हो म्हणताच येत नाही, म्हणून ते नाही म्हणतात.

दुसरं म्हणजे, "गणपतीचं काम आहे" वाचून समोरच्याला वाटतं सणाची सुट्टी पाहिजे. पेणमध्ये गणपती हा वर्षाचा धंदा आहे, हे बाहेरून आलेल्या एचआरला माहीत असेलच असं धरू नका. एका वाक्यात सांगावं लागतं.

मग पगार की तारीख?

आम्ही वही काढली. आधी सरळ रुपयांचा हिशोब. पगार 2,000 ने वाढला तर वर्षाला 24,000, आणि पुढच्या वाढीही त्याच पायावर. तारीख पाच-सात आठवडे पुढे गेली तर तेवढा पगार बुडणार, म्हणजे 23,000 पासून 32,000 पर्यंत. एवढंच पाहिलं तर पगार मागणं शहाणपणाचं.

मग वडिलांना विचारलं, हा गेला तर काय? ते म्हणाले, आखणीला माणूस ठेवावा लागेल, दिवसाला 1,000 तरी. म्हणजे पाच आठवड्यांचे 35,000. "पण मिळाला तर ना! या वर्षी सगळ्यांचंच काम एकदम आलंय." खरी गोम इथे होती. 200 मूर्तींची आगाऊ रक्कम घेतलेली, एका मूर्तीमागे साधारण 300 रुपये सुटणार. म्हणजे 60,000 टांगणीला, आणि व्यापारी एकदा दुसरीकडे गेला की पुढच्या वर्षी परत येत नाही.

पगार पुढच्या वर्षीही वाढवून मागता येतो. तो हंगाम पुन्हा मिळणार नव्हता. म्हणून तारीख.

पण हे सगळ्यांना लागू नाही, नीट ऐका. घरी हंगामी काम नसेल, किंवा तुमच्याशिवायही ते होत असेल, तर पगारच मागा. केवळ "थोडे दिवस मोकळे हवेत" म्हणून तारीख मागणं महागात पडतं, कारण त्या दिवसांचा पगार तुम्हीच भरता.

दोन्ही का नाही मागायचं? कारण दोन मागण्या असल्या की एचआर सोपी तेवढी मान्य करून मोकळे होतात, आणि ती तुम्हाला हवी तीच असेल असं नाही. तुमच्यासाठी काय महत्त्वाचं आहे, हे तुम्हीच झाकून टाकलेलं असतं.

पाठवलेला ईमेल

कंपनीचा पत्रव्यवहार इंग्रजीत होता, म्हणून त्याने इंग्रजीत लिहिलं. मजकूर मराठीत देतो. तुम्ही कुठल्याही भाषेत लिहा, वाक्यं एवढीच साधी ठेवा.

> विषय: जॉइनिंग तारखेबाबत विनंती – क्यूसी केमिस्ट
>
> आदरणीय मॅडम,
> आपल्या 26 जूनच्या ऑफरबद्दल आभार. पद आणि वेतन मला योग्य वाटतं आणि आपल्याकडे काम करण्याची माझी इच्छा आहे.
> एक विनंती आहे. पेणजवळ आमचा गणेशमूर्तींचा कौटुंबिक कारखाना आहे आणि घेतलेल्या ऑर्डरींपैकी रंगकामाची जबाबदारी माझ्याकडे आहे. ही कामं 27 ऑगस्टपूर्वी पूर्ण होतील. त्यामुळे 14 जुलैऐवजी सोमवार, 1 सप्टेंबर 2025 रोजी रुजू होणं शक्य आहे का?
> वैद्यकीय तपासणी आणि कागदपत्रं मी जुलैमध्येच, आपण सांगाल त्या दिवशी येऊन पूर्ण करेन, म्हणजे पहिल्या दिवसापासून कामाला लागता येईल.
> ही तारीख अडचणीची असल्यास आपल्याला चालेल अशी उशिरात उशिराची तारीख कृपया कळवावी. उत्तर आल्यावर सही केलेली प्रत लगेच पाठवतो.
> आपला नम्र,

दोन गोष्टी मुद्दाम दाखवतो. एक, केमिकल कारखान्यात कामावर लावण्याआधी वैद्यकीय तपासणी लागतेच. ती आधी करून देतो म्हटल्यावर कंपनीचेही काही दिवस वाचतात. मागताना काहीतरी द्यायचं, ते असं. दोन, "उशिरात उशिराची तारीख कळवा" हे वाक्य. ते नसतं तर उत्तर फक्त हो किंवा नाही आलं असतं.

आणि 1 सप्टेंबरला घरी गौरीपूजन होतं बरं का! आई थोडी नाराज झाली. पण मी त्याला म्हटलं, ऑर्डरीसाठी वेळ माग, सणासाठी नको. दोन्ही मिसळलंस तर पहिलं कारणही हलकं होईल.

सोमवारी 30 जूनला सकाळी ईमेल गेला. मंगळवारी उत्तर आलं: 1 सप्टेंबर जमणार नाही, प्रशिक्षणाची बॅच 18 ऑगस्टला आहे, तेव्हा आलात तर चालेल.

18 ऑगस्ट म्हणजे चतुर्थीच्या नऊ दिवस आधी. घ्यायची का? हे आधीच ठरलेलं होतं. ईमेल पाठवण्यापूर्वीच वडिलांशी बोलून त्याने आपली शेवटची रेघ आखली होती: 10 ऑगस्टच्या आत बोलावलं तर ऑफर सोडायची, त्यापुढे चालेल. त्यामुळे पुन्हा घासाघीस केली नाही. आभार मानून एकच ओळ लिहिली: "18 ऑगस्ट मान्य आहे. कृपया या तारखेचं सुधारित ऑफर लेटर पाठवावं." ते आल्यावर सही केली. फोनवर "हो, चालेल" म्हटलेलं धरून घरी बसू नका. जुन्या पत्रावर 14 जुलै छापलेलं असेल तर उद्या एचआरचा माणूस बदलला की तुम्ही गैरहजर ठरता.

वडिलांनी उशिरा आलेली एक ऑर्डर नाकारली, आगाऊ घेतलेल्या 200 मूर्तींची आखणी 17 तारखेपर्यंत झाली, आणि शेवटचं किरकोळ काम चुलत भावाने रात्री बसून उरकलं. पगार बुडाला साधारण 23,000. वाचलेले 60,000 तुम्हीच त्याच्यासमोर मांडून बघा.

एक गोष्ट करू नका

तारखेसाठी खोटं कारण देऊ नका. सगळ्यात जास्त वापरलं जाणारं खोटं म्हणजे, "आधीच्या कंपनीत दोन महिन्यांची नोटीस आहे." नवीन कंपनी तुमच्या यूएएनवर पीएफ सुरू करते, तिथे आधीच्या नोकरीची शेवटची तारीख दिसते. रिलीव्हिंग लेटरवरही तीच असते. खोटं पहिल्याच महिन्यात उघडं पडतं, तेही प्रोबेशनमध्ये असताना. खरं कारण, मग ते गणपतीच्या कारखान्याचं असो की भातलावणीचं, तारखेसकट सांगितलं तर लोक ऐकून घेतात. निदान आमच्या या मुलाचं ऐकलं.

तर तुमच्याकडे आत्ता ऑफर लेटर आलेलं असेल, तर उत्तर लिहायला बसू नका. आधी मागचं पान उघडून हातात किती येतात ते काढा. मग घरच्यांना विचारा, मी नसलो तर कुठलं काम अडेल आणि त्याचे किती रुपये. दोन आकडे शेजारी-शेजारी लिहा. ईमेलमध्ये काय मागायचं ते तिथेच दिसेल.